कोऱ्या चौकटींचा अनुवाद

अपघाताचा कागद वाचणाऱ्याला चूक कोणाची हे पहिल्या चार ओळींत कळलं पाहिजे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते माझं एकट्याचं नव्हतं, घरातून आलं होतं. बाबा चंद्रपूरला एका वकिलांकडे कारकून होते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढच्या अर्जांचं टायपिंग त्यांच्या हातून व्हायचं. बल्लारपूरहून रोज बसने जा-ये. रविवारी घरी आणलेल्या फाइली आमच्या पुढच्या खोलीत पसरलेल्या असत. बामणी फाट्यावर लाकडाच्या ट्रकने मोटरसायकलला उडवलं, कोठारीच्या रस्त्यावर जीप पुलाच्या कठड्यावर गेली, अशी ती प्रकरणं. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ हे शब्द मला शाळेतल्या प्रतिज्ञेच्या जोडीनेच पाठ झाले. बाबा म्हणायचे, “कागद वाचून झाल्यावरही चूक कोनाची हे जजनं पुसलं, तं मंग कागद कायले लिहिला?”

पुढे मुंबईत नोकरी करताना मी इटालियन शिकलो. आईच्या आजारपणात बल्लारपूरला परतलो, घरूनच अनुवादाची कामं घेऊ लागलो. यंत्रांची माहितीपत्रकं, जन्माचे दाखले, रुग्णालयाची बिलं. आणि मधूनमधून एक निळा-पिवळा फॉर्म. भारतीय विमा कंपन्या परदेश प्रवासाच्या पॉलिसी विकतात, त्यातल्या काहींत भाड्याच्या गाडीचं नुकसानही येतं. इटलीत गाडी भाड्याने घेतली आणि ती ठोकली गेली की गाडीवाली कंपनी ठरलेली रक्कम ग्राहकाच्या कार्डावरून कापून घेते. आपल्याकडे तिला ‘एक्सेस’ म्हणतात. माणूस परत येऊन इथल्या विमा कंपनीकडे ती मागतो आणि सोबत अपघाताचा इटालियन कागद जोडतो. क्लेम खात्यात इटालियन कोणाला येणार? तो कागद फिरत फिरत एका एजन्सीमार्फत माझ्याकडे येतो, इंग्रजी करून द्यायला.

त्या फॉर्मचं नाव ‘कोन्स्तातात्सिओने आमिकेवोले दी इन्चिदेन्ते’. दोघांनी सामोपचाराने, जागेवरच करून ठेवलेली अपघाताची नोंद. विमा कंपनीला अपघात कळवण्याचं कामही तोच कागद करतो. तिकडची माणसं त्याला सरळ ‘निळा फॉर्म’ म्हणतात. डावा स्तंभ निळा, गाडी ‘अ’चा, उजवा पिवळा, गाडी ‘ब’चा. मधोमध खाली परिस्थितीच्या सतरा ओळी, प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला ‘अ’ची चौकट आणि उजव्या टोकाला ‘ब’ची. पोलिसाची वाट न बघता दोन्ही चालकांनी गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून भरायचा, खाली सह्या करायच्या आणि आपापल्या प्रती फाडून घ्यायच्या. कागद कार्बनलेस असतो, आपल्या बिलबुकांसारखा. वर लिहिलेलं खालच्या पानांवर उमटतं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

हा फॉर्म मला अजिबात आवडायचा नाही. अख्ख्या पानात एकही पूर्ण वाक्य नाही. कोणी कोणाला धडक दिली हे सांगायचं तर सतरापैकी एखाददुसऱ्या ओळीसमोर फुली मारायची, बाकीच्या चौकटी कोऱ्या सोडायच्या. वर आणखी, ही नोंद म्हणजे जबाबदारीची कबुली नव्हे, ओळखी आणि घटना यांची फक्त नोंद आहे, असं फॉर्म स्वतःच छापून सांगतो. आमच्या पुढच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हा कागद म्हणजे साक्षीदाराने पिंजऱ्यात उभं राहून फक्त मान हलवावी तसा वाटायचा.

एजन्सीच्या सूचना त्याहून छळणाऱ्या होत्या. फॉर्मची मांडणी जशीच्या तशी ठेवा. चौकटींचे क्रमांक बदलू नका. कोरी चौकट असेल तिथे ‘कोरी’ असं लिहा. खोडलेला शब्द खोडलेलाच दाखवा. छापील मजकुराचा अनुवाद स्वतःच्या मनाने करू नका, फॉर्मची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आहे तीच वापरा. मी ते सगळं पाळत होतो, पण कुरकुरत. माझ्या मते चांगला अनुवादक या फॉर्ममधली माहिती उचलून इथल्या क्लेम फॉर्ममध्ये बसवून देईल: अपघाताची तारीख, स्थळ, विमाधारकाचं नाव, ‘घटनेचा थोडक्यात तपशील’ या रकान्यात चार सुबक वाक्यं. पुण्यात बसलेल्या अधिकाऱ्याला परकेपणा जाणवताच कामा नये. कागद इथलाच वाटला पाहिजे. एजन्सीला मी तसं दोनदा सुचवूनही पाहिलं होतं.

अधिकृत आवृत्तीची सूचना मात्र मला आधी पटली, कारण तिच्यामागचं कारण सोपं आहे. हा फॉर्म एकट्या इटलीचा नाही. युरोपातल्या विमा कंपन्यांच्या संघटनेने तो सगळ्या देशांसाठी एकाच मांडणीत केला आहे. इटालियन माणूस आणि जर्मन माणूस रस्त्यात ठोकले गेले, तर जर्मन माणसाने आपल्या भाषेतला कागद शेजारी धरायचा आणि आठव्या ओळीसमोर फुली मारायची. इटालियन कागदावरही आठवी ओळ तीच असते. म्हणजे छापील भागाचा अनुवाद आधीच झालेला आहे. अनुवादकाच्या वाट्याला उरतं ते हाताने लिहिलेलं. मला वाटायचं, मग आपलं काम उरलंच किती? आता म्हणतो, सगळं काम तिथेच आहे.

माझं मत फिरवणारं प्रकरण आमच्याच जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं होतं. नाव-गाव सांगणार नाही. सिएना शहराबाहेरच्या एका गोल चौकात त्यांच्या भाड्याच्या गाडीला मागून एका मालवाहू व्हॅनने ठोकलं. कोणाला लागलं नाही. गाडीवाल्या कंपनीने एक्सेस कापून घेतली. माझ्याकडे दोन स्कॅन आले: एक कुटुंबाच्या हातातल्या प्रतीचा, दुसरा गाडीवाल्या कंपनीने पाठवलेला, तो समोरच्या पक्षाच्या प्रतीचा होता. दोन्हींचा अनुवाद वेगवेगळा करा, असं सोबत लिहिलं होतं. एकाच फॉर्मच्या दोन प्रतींचे दोनदा पैसे घ्यायला मला संकोच वाटला, पण एजन्सीचा हट्ट.

आधी माणसं कोण ते बघू, कारण इथेच पहिली गुंतागुंत असते. सहाव्या रकान्यात विमा उतरवणारा, सातव्यात गाडी, आठव्यात विमा कंपनी, नवव्यात चालक. आपल्याकडे स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याच्या बाबतीत ही सगळी एकच व्यक्ती असते आणि आपण तिला ‘विमाधारक’ म्हणून मोकळे होतो. इथे सहाव्या रकान्यात गाडी भाड्याने देणारी कंपनी होती, आठव्यात त्या कंपनीचा इटालियन विमा आणि नवव्यात चंद्रपूर जिल्ह्यातला आपला माणूस, आंतरराष्ट्रीय परवान्यासह. शिवाय क्लेम करणारा म्हणून तो पुण्यातल्या कंपनीचा विमाधारक आहेच. या फॉर्मवर त्याला विमाधारक म्हटलं असतं, तर एकाच फाइलमध्ये दोन विमाधारक आणि दोन विमा कंपन्या झाल्या असत्या आणि कोणाचं नातं कोणाशी हे उलगडलंच नसतं. फॉर्म त्याला ‘अ गाडीचा चालक’ म्हणतो. तेवढंच म्हणायचं.

व्हॅनचा नंबर वाचायचा होता. इटालियन हस्ताक्षरात एकाला वरून इतका लांब झोक असतो की तो आपल्याला सात दिसतो, आणि खऱ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते. सध्याच्या इटालियन नंबरप्लेटवर दोन अक्षरं, तीन आकडे, पुन्हा दोन अक्षरं असा क्रम असतो आणि I, O, Q, U ही अक्षरं वापरलीच जात नाहीत. त्यामुळे अक्षराच्या जागी गोल काही दिसलं तर ते D असण्याची शक्यता जास्त, आणि आकड्याच्या जागी दिसलं तर शून्य. हे एकदा कळलं की घाईत खरडलेला नंबरही बहुतेक वेळा एकाच प्रकारे वाचता येतो. ज्या नंबरबद्दल तरीही शंका उरते तिथे दोन्ही वाचनं लिहायची. मनाने एक निवडायचं नाही.

अकराव्या रकान्यात ‘दिसणारं नुकसान’. ‘दिसणारं’ हा शब्द मुद्दाम आहे. बंपरच्या आत काय वाकलं ते रस्त्यावर उभ्या माणसाला कळत नाही. ते नंतर गॅरेजमध्ये कळतं आणि त्याचा अंदाजपत्रकातला आकडा या रकान्याहून मोठा निघाला तर त्यात संशयास्पद काही नसतं. आपल्या चालकाच्या स्तंभात व्हॅनवाल्यानेच मदत म्हणून इटालियनमध्ये लिहून दिलं होतं: मागचा बंपर, ‘लातो ग्विदा’. म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, पोचा आणि रंग खरवडलेला. आता ड्रायव्हरची बाजू म्हणजे कोणती? इटलीत स्टिअरिंग डावीकडे. नागपूर-पुण्याचा कोणताही सर्व्हेअर ‘ड्रायव्हर साइड’ वाचून गाडीची उजवी बाजू बघणार. सोबतच्या फोटोत पोचा डावीकडे होता. मी ‘ड्रायव्हर साइड’च लिहिलं, कारण कागदावर तेच आहे, आणि पानाच्या शेवटी अनुवादकाची टीप टाकली की या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. माझ्या जुन्या पद्धतीने मजकुरातच ‘डावी बाजू’ केलं असतं तरी माहिती बरोबरच राहिली असती. पण मग लिहिणाऱ्याने काय म्हटलं आणि अनुवादकाने काय समजून घेतलं, हे वाचणाऱ्याला वेगळं करता आलं नसतं.

मग बारावा रकाना, परिस्थितीच्या सतरा ओळी. त्यांची भाषा बघण्यासारखी आहे. गाडी थांबलेली होती किंवा उभी करून ठेवलेली होती. पार्किंगमधून बाहेर येत होती. गोल चौकात शिरत होती. त्याच दिशेने, त्याच रांगेत जाताना पुढच्या गाडीला मागून धडकत होती. रांग बदलत होती. डावीकडे वळत होती. मागे घेत होती. उजवीकडून येत होती. सगळी क्रियापदं. भरधाव नाही, हयगय नाही, निष्काळजी नाही. ‘अग्रक्रमाची खूण किंवा लाल दिवा पाळला नाही’ ही शेवटची सतरावी ओळ तेवढी दोषाच्या जवळ जाते, पण तीही काय केलं नाही एवढंच सांगते.

कुटुंबाच्या प्रतीवर ‘अ’च्या बाजूला पहिल्या ओळीसमोर फुली होती आणि ‘ब’च्या बाजूला आठव्या ओळीसमोर, म्हणजे मागून धडक. पहिल्या ओळीत दोन पर्याय आहेत, ‘फेर्माता’ आणि ‘सोस्ता’, आणि जो लागू नाही तो खोडायचा अशी सूचना आहे. आपल्या माणसाने एकही खोडला नव्हता. इटलीचा वाहतूक कायदा कलम १५७ मध्ये थांबण्याचे प्रकार वेगळे करतो. वाहतुकीमुळे गाडी अडली तर तो एक प्रकार. चालक गाडीपाशीच आहे, लगेच निघायच्या तयारीत आहे, थोडा वेळ थांबला आहे, ती ‘फेर्माता’. गाडी लावून चालक निघून जाऊ शकतो, ती ‘सोस्ता’. चौकाच्या तोंडाशी वाट बघत अडकलेली गाडी कायद्याच्या काट्याने तोलली तर फॉर्मवरच्या या दोन्हींत बसत नाही, तिचा प्रकार पहिला. पण रस्त्यावरची माणसं ‘थांबलो होतो’ म्हणून तिथेच फुली मारतात. मला दोन्ही शब्द न खोडलेले तसेच ठेवावे लागले. इंग्रजीत नुसतं ‘पार्क केलेली’ केलं असतं, तर चालक गाडीत होता की नव्हता असा एक प्रश्न फाइलमध्ये विनाकारण जन्माला आला असता.

दुसऱ्या प्रतीवर हेच सगळं होतं, फक्त ‘अ’च्या बाजूला चौदाव्या ओळीसमोर आणखी एक फुली होती. चौदावी ओळ: मागे घेत होती.

मागून ठोकलेली गाडी आणि मागे घेताना ठोकलेली गाडी यांत पोचा सारखाच पडतो. एकीचा मागचा बंपर, दुसरीचा पुढचा. दहाव्या रकान्यातला बाणही, म्हणजे पहिला धक्का कुठे बसला ते दाखवणारा, दोन्ही गोष्टींत तोच येतो. कोण कोणावर गेलं हे फक्त त्या फुलीवरून ठरतं. एका फुलीने आपला माणूस नुकसान झालेल्याचा नुकसान करणारा होत होता.

मी दोन्ही प्रतींचा अनुवाद दिसलं तसा केला आणि पाठवला. दोनच दिवसांनी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून एका मॅडमचा फोन आला. आधी नागपूरला मोटार क्लेममध्ये होत्या, पंचनामे कोळून प्यायलेल्या.

“सर, फुल्यांच्या स्तंभाखाली एक आकडा तुम्ही दिलाय. तो मूळ फॉर्मवर आहे की तुम्ही मोजून लिहिलाय?”

“मूळ फॉर्मवर आहे मॅडम. किती चौकटींत फुल्या मारल्या ते चालकाने स्वतः लिहायचं असतं.”

“दोन्ही प्रतींवर ‘अ’च्या खाली एकच आहे?”

“हो. दोन्हींवर एक.”

“आणि दुसऱ्या प्रतीवर फुल्या दोन.”

त्या गप्प झाल्या, मीही झालो. तो आकडा मी एजन्सीच्या सूचनेपोटीच ठेवला होता. माझ्या मनातल्या त्या सुबक इंग्रजी क्लेम फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती. ‘फुल्यांची संख्या: १’ हे वाक्य मी कुठल्या तपशिलात बसवणार होतो? पण फॉर्म तयार करणाऱ्यांनी तो रकाना नेमका याचसाठी ठेवला आहे. सह्या झाल्यावर कोणी फुली वाढवली तर बेरीज बोलते.

मॅडमनी पुढे जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी कुटुंबाकडून मूळ कागद मागवला, स्कॅन नव्हे. ती खालची, आपोआप उमटलेली प्रत होती. तिच्यावर पहिल्या ओळीची फुली, सही, रेखाचित्र सगळं फिक्या निळ्या रेघांत उमटलेलं, चौदाव्या ओळीसमोर काही नाही. प्रती फाडून वेगळ्या करण्याआधी ती फुली मारली असती तर ती इथेही उमटली असती. रेखाचित्रही त्यांनी नीट पाहिलं. तेराव्या रकान्यात दोन्ही चालकांनी मिळून काढलेला गोल चौक, त्यात ‘अ’चा आणि ‘ब’चा बाण, दोन्ही एकाच दिशेने चौकाकडे. मागे घेणाऱ्या गाडीचा बाण उलटा हवा. आणि ‘ब’च्या आठव्या ओळीसमोरची फुली दोन्ही प्रतींवर कायम होती. ‘अ’ मागे आली असेल तर ‘ब’ त्याच दिशेने जाताना तिला मागून धडकली कशी?

फुली कोणी वाढवली, हे त्या फाइलमधून कळत नाही आणि तो आमचा विषयही नव्हता. क्लेम मंजूर झाला. चूक समोरच्याची दिसत असल्याने ती रक्कम पुढे इटलीतून वसूल करण्याचा प्रयत्न पुण्याची कंपनी करणार होती. ते काम माझ्याकडे आलं नाही.

नंतर मी बसून इटलीचा विमा कायदा वाचला. २००५ च्या खाजगी विमा संहितेचं कलम १४३ म्हणतं की दोन्ही चालकांनी सही केलेला फॉर्म असेल, तर विमा कंपनीने उलट सिद्ध करेपर्यंत अपघात त्या कागदावर लिहिल्याप्रमाणेच घडला असं धरायचं. कलम १४८ प्रमाणे वाहनाच्या नुकसानीबद्दल कंपनीने साठ दिवसांत भरपाई देऊ करायची किंवा नाकारण्याची कारणं सांगायची. दोघांच्या सह्या असतील तर तीस दिवसांत. सही एकाचीच असेल तर तो कागद एका पक्षाचं म्हणणं उरतो. आणि दोष कोणाचा हे सिद्धच झालं नाही, तर नागरी संहितेचं कलम २०५४ दोन्ही चालकांचा सारखा वाटा धरतं. म्हणजे फॉर्म दोष सांगत नाही, पण दोष ठरवायला लागणारी सगळी सामग्री त्यात आहे. ठरवणारा मात्र कोणी दुसरा आहे. आमच्या बाबांच्या कागदात लिहिणारा आणि ठरवणारा एकच व्हायचा, आणि वकिलाच्या कारकुनाकडून दुसरी अपेक्षाही नाही. तो एका पक्षाचा अर्जच असे. मी चूक ही करत होतो की अर्जाचे नियम नोंदीला लावू पाहत होतो.

तरी हा फॉर्म म्हणजे देवाघरची चिठ्ठी नव्हे. एखाद्या चालकाने त्यावर ‘माझं चुकलं’ असं लिहून सही केली, तरी न्यायाधीशाने ते डोळे मिटून मानायचं नाही, बाकीच्या पुराव्यासोबत तोलायचं, असं इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संयुक्त पीठाने २००६ मध्ये ठरवलेलं आहे. दोघांनी संगनमताने न झालेला अपघात कागदावर घडवल्याची प्रकरणं तिकडे होतच असतात. कोणी गंभीर जखमी असेल, कोणी सही करायला तयार नसेल, तर फॉर्मचा उपयोग तिथेच संपतो आणि पोलिसांना बोलवावं लागतं. बामणी फाट्यावर सुरजागडहून येणारा ट्रक आणि एखादी स्कूटर यांच्यात असा कागद भरला जाईल, असं मला वाटत नाही. बोनेटच्या उंचीवरच दोन पक्ष समान नसतात. पण आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन नियमांत पोलिसांसाठी नमुना फॉर्म आले आहेत: जखमी किंवा मृत्यू झालेल्या अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, सोबत घटनास्थळाचा नकाशा. तिथेही आता रकाने भरायचे आहेत. बाबा असते तर त्यांनी हे फॉर्म बघून नाक मुरडलं असतं.

एका बाबतीत मी अजून जुनाच आहे. फॉर्म जसाच्या तसा द्यायचा हे पटलं, म्हणून वाचणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं हे पटलेलं नाही. तेराव्या ओळीचंच बघा, ‘डावीकडे वळत होती’. इटलीत वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी समोरून येणाऱ्यांची वाट कापते. आपल्याकडे डावीकडे वळणं म्हणजे सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट, सिग्नलवर बऱ्याच ठिकाणी ते खुलंच असतं. शब्द अचूक, आणि पुण्यातला वाचणारा हमखास चकणार. म्हणून ती फुली आली की मी टीप टाकतो. सोळाव्या ओळीला, ‘उजवीकडून येत होती’, ती लागत नाही. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम तिकडे आहे आणि इकडच्या नियमांतही आहे. आपण तो पाळत नाही ही गोष्ट वेगळी. टिपा मी कायम अनुवादाच्या बाहेर, शेवटच्या पानावर, माझ्या नावानिशी देतो. एजन्सीने सुरुवातीला त्यांना हरकत घेतली होती. मॅडमच्या फोननंतर घेतली नाही.

तुमच्यापैकी कोणी इटलीत गाडी भाड्याने घेणार असेल, तर किल्ली हातात घेतानाच हा फॉर्म गाडीत आहे का ते विचारा आणि इंग्रजी आवृत्ती फोनमध्ये ठेवा. ओळींचे क्रमांक तेच असतात. प्रसंग आलाच तर फुल्यांची संख्या आकड्यात लिहिल्याशिवाय सही करू नका, लागू नसलेला शब्द खोडा, आणि प्रती फाडण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो काढा. घरी आल्यावर मूळ कागद जपून ठेवा, फिका झाला तरी.

आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी: आमचा दर शब्दावर असतो आणि कोऱ्या चौकटीत शब्द नसतो. या फॉर्मचा दर मी आता पानावर लावतो.